डॉकमध्ये ठेवलं की टीव्ही काळाच राहतो? आधी चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा

निन्टेन्डो स्विच या गेमिंग कन्सोलची आणि त्याला टीव्हीशी जोडणाऱ्या डॉक नावाच्या स्टँडची तक्रार दर वेळी एकाच शब्दांत येते. "हातात धरून खेळलं की सगळं ठीक चालतं, डॉकमध्ये ठेवलं की टीव्हीवर No Signal." गेल्या वर्षभरात नात्यात आणि ओळखीत मी ही तक्रार चार वेळा ऐकली. चारही वेळा लोकांनी आधी एचडीएमआय केबल बदलली होती, मग टीव्हीची सेटिंग उलटसुलट केली होती, आणि एकाने तर डॉक खराब झालाय म्हणून नवा मागवायचीही तयारी केली होती. चारही वेळा दोष निघाला भिंतीजवळ, म्हणजे चार्जरमध्ये किंवा त्याच्या पिनेच्या जोडणीत.

इथे मी निन्टेन्डो स्विचबद्दल लिहितोय, म्हणजे 2017 चं मूळ मॉडेल आणि 2021 चं ओलेड मॉडेल. स्विच लाइट टीव्हीला जोडताच येत नाही, त्यात ती सोयच नाही, त्यामुळे तुमच्याकडे लाइट असेल तर हा शोध इथेच थांबवा. नव्या स्विच 2 बद्दल शेवटाकडे सांगतो. आणि हो, या लेखात मी त्याला "कन्सोल"च म्हणणार आहे. नाहीतर "स्विच चालू केलास का?" या प्रश्नावर आमच्या घरी जसा गोंधळ होतो, तसा इथेही होईल.

ताजं प्रकरण भांडुपचं. ताईकडे. कन्सोल दीड वर्षापूर्वी अमेरिकेहून आला, मुलांच्या आत्याने आणला. आपल्याकडे हे कन्सोल बहुतेक असेच येतात, कुणाच्या तरी बॅगेतून किंवा आयात माल विकणाऱ्या दुकानातून. त्यामुळे सोबतच्या अडॅप्टरला आपल्या बोर्डात न बसणाऱ्या दोन चपट्या पिना असतात. वर्षभर सगळं नीट चाललं. मग एका रविवारी भाचीचा फोन आला. "मामा, टीव्हीवर काहीच येत नाहीये. बाबांनी नवीन चार्जर लावला तरी नाही."

"तरी नाही" हे शब्द लक्षात ठेवा. गोष्टीची गाठ तिथेच आहे, पण ती मला दोन तासांनी कळली.

मी गेलो तेव्हा डॉकमध्ये कन्सोल बसवलेला होता आणि डॉकच्या मागून एक पांढरी केबल दाजींच्या फोनच्या चार्जरकडे गेली होती. चार्जरवर मोठ्या अक्षरांत 65 वॅट. दाजींचं म्हणणं अगदी सरळ होतं. कन्सोलच्या मूळ अडॅप्टरवर 15 व्होल्ट, 2.6 अँपिअर लिहिलंय. गुणाकार केला की 39 वॅट. हा 65 चा आहे. मग कमी कुठे पडतंय?

शाळेतल्या विज्ञानाप्रमाणे त्यांचा हिशेब चुकत नव्हता. चुकत होती ती एक समजूत, की चार्जरवरचा वॅटचा आकडा म्हणजे कुणालाही, कुठल्याही व्होल्टला मिळणारी ताकद. टाइप-सीच्या जगात तसं नसतं. केबल लावल्याक्षणी चार्जर फक्त 5 व्होल्ट देतो आणि आपलं मेनूकार्ड पुढे करतो. माझ्याकडे 5 व्होल्टला इतके अँपिअर, 9 ला इतके, 15 ला इतके, 20 ला इतके. समोरचं उपकरण त्यातली एक ओळ निवडतं, चार्जर "हो" म्हणतो, आणि मगच व्होल्टेज वर चढतं. या बोलण्याच्या पद्धतीला यूएसबी पॉवर डिलिव्हरी म्हणतात, खोक्यावर सहसा पीडी असं लिहितात.

आता डॉकचा स्वभाव ऐका. कन्सोल एकटा असतो तेव्हा तो समजूतदार असतो. 5 व्होल्ट मिळाले तरी घेतो, हळूहळू का होईना चार्ज होतो. डॉक तसा नाही. डॉकला मेनूकार्डात 15 व्होल्टची ओळ हवी, आणि त्या ओळीत किमान 2.6 अँपिअर हवेत. ती ओळ नसली तर तो चित्र पुढे पाठवतच नाही. कमी ताकदीत अंधूक चित्र किंवा अडखळत चित्र असला मधला मार्ग तिथे नाही.

लोकांना हे पटत नाही, कारण प्रत्यक्षात खेळताना इतकी वीज लागतही नाही. डॉकमध्ये चालू गेम आणि सोबत बॅटरी चार्जिंग धरूनही कन्सोल 39 वॅटच्या बराच खाली असतो. मग हट्ट कशाला? डॉक सगळ्यात वाईट प्रसंगाची तजवीज करतो. टीव्हीला जोडल्यावर कन्सोलचा ग्राफिक्सचा भाग वेग वाढवतो. हातात असताना तो साधारण 307 ते 384 मेगाहर्ट्झवर चालतो, डॉकमध्ये 768 वर. त्यात रिकामी बॅटरी भरायची. त्यात डॉकच्या यूएसबी खाचांमध्ये कुणी कंट्रोलर चार्जिंगला लावले तर त्यांनाही वीज द्यायची. शिवाय कन्सोलमधून येणारा डिस्प्लेपोर्टचा संकेत एचडीएमआयमध्ये बदलणारी चिप डॉकमध्येच बसलेली असते. हे सगळं एकदम चालू झालं आणि मधेच वीज अपुरी पडली तर गेम चालू असताना सगळं कोसळेल. म्हणून डॉक आधीच विचारतो, हमी आहे का? हमी नसेल तर टीव्ही नाही.

म्हणजे डॉक वीज मोजून नकार देत नाही. चार्जर काय कबूल करतो ते ऐकून नकार देतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

दाजींचा चार्जर उलटा करून खालची बारीक अक्षरं वाचली. मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करावं लागलं, करड्यावर करडी अक्षरं. दोनच ओळी होत्या. 5 व्होल्ट, 2 अँपिअर. 10 व्होल्ट, 6.5 अँपिअर. 10 गुणिले 6.5 म्हणजे झाले 65 वॅट, जाहिरात खोटी नव्हती. पण ती 10 व्होल्टची ओळ त्या फोन कंपनीच्या स्वतःच्या जलद चार्जिंगची होती. तो चार्जर आणि तो फोन यांच्यातली ती खासगी भाषा. कन्सोलला ती येत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला उरले 5 व्होल्ट 2 अँपिअर, म्हणजे 10 वॅट. शिवाय चार्जरचं तोंड जुनं, रुंद यूएसबीचं होतं. तसं तोंड दिसलं की अक्षरं वाचायचीही गरज नाही. पीडीचं बोलणं टाइप-सीमधल्या एका वेगळ्या तारेवरून चालतं, आणि जुन्या रुंद तोंडाच्या खाचेत ती तारच नसते.

"मग हा घे," म्हणत दाजींनी दुसरा चार्जर काढला. 30 वॅट, टाइप-सी, खोक्यावर पीडी लिहिलेलं, ऑनलाइन मागवलेला. हा तर नक्की चालेल असं त्यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. अक्षरं वाचली. 5 ला 3 अँपिअर, 9 ला 3, 15 ला 2, 20 ला 1.5. पंधराची ओळ आहे! पण अँपिअर 2. डॉकला हवेत 2.6. सहा दशांश अँपिअरसाठी टीव्ही काळा. लावून बघितला, अर्थातच काही आलं नाही. कन्सोलवर मात्र चार्जिंगची खूण ऐटीत दिसत होती, आणि ती खूणच माणसाला चुकीच्या दिशेने नेते. "चार्ज होतंय म्हणजे चार्जर ठीक आहे, दोष टीव्हीचा" असा निष्कर्ष माणूस काढतो आणि टीव्हीच्या मागे लागतो.

इथे थोडं थांबून तपासणीचा क्रम सांगतो, कारण टीव्हीचा दोष आणि विजेचा दोष वेगळे करता आले की अर्धं काम होतं.

मी पहिल्यांदा टीव्हीला निर्दोष सिद्ध करतो. सेट-टॉप बॉक्सवर रोज मालिका दिसतात ना? मग त्याची एचडीएमआय केबल आणि टीव्हीची तीच खाच चांगली आहे हे ठरलेलं आहे. सेट-टॉप बॉक्सच्या मागचं टोक काढायचं आणि तेच डॉकला लावायचं. टीव्हीच्या बाजूला हात लावायचा नाही, इनपुटही बदलायचा नाही. आता तरीही चित्र आलं नाही तर केबल, खाच आणि इनपुट, तिन्ही संशयितांना एका फटक्यात सोडून देता येतं. नवी केबल विकत आणण्यापेक्षा हे बरं, कारण नवी केबल चांगली आहे याची तरी खात्री कुठे असते.

मग डॉकच्या पुढच्या बाजूचा हिरवा दिवा बघायचा. टीव्हीला चित्र जात असेल तेव्हा तो स्थिर हिरवा असतो. कन्सोल आत सरकवल्यावर त्याचा स्वतःचा पडदा क्षणभर बॅटरीची खूण दाखवतो आणि काळा होतो, कारण चित्र आता टीव्हीकडे गेलेलं असतं. दिवा स्थिर हिरवा आणि पडदा काळा, तरीही टीव्ही रिकामा, तर दोष एचडीएमआयच्या बाजूला शोधा. दिवा लागतच नाही किंवा लुकलुकतोय, आणि कन्सोलचा पडदा आतल्या आत चालूच राहिलाय, तर बहुतेक वेळा वीज. ताईकडे दिवा विझलेला होता आणि डॉकच्या फटीतून वाकून बघितलं तर कन्सोलचा पडदा मजेत चालू होता. भाचा म्हणाला, "मामा, गेम आतमध्येच सुरू आहे." बरोबर. गेम आतमध्येच होता.

जवळ टाइप-सीचा छोटा टेस्टर असेल, म्हणजे चार्जर आणि केबल यांच्यामध्ये लावायचा, व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा, तर अंदाज करायचीही गरज नाही. लॅमिंग्टन रोडला तो सहज मिळतो. 30 वॅटचा चार्जर असो की दुसरा कुठला, डॉकमध्ये कन्सोल बसवल्यावर टेस्टरवर 15 च्या आसपासचा आकडा दिसला पाहिजे. 5 किंवा 9 वर अडकला असेल तर बोलणी फिसकटली. पण 15 दिसले म्हणजे सगळं जमलं असंही नाही, कारण टेस्टर फक्त चालू व्होल्टेज दाखवतो, चार्जरने किती अँपिअर कबूल केलेत ते साधा टेस्टर सांगत नाही. त्यासाठी पुन्हा ती बारीक अक्षरंच.

तिसरा चार्जर माझ्याच बॅगेत होता. ऑफिसच्या लॅपटॉपचा, 65 वॅट, दोन टाइप-सी खाचांचा. याच्यावर 15 ला 3 अँपिअर स्पष्ट लिहिलेलं. पण लावायच्या आधी एक काम करावं लागतं जे लोक विसरतात. आधीच्या चार्जरशी फिसकटलेली बोलणी डॉकमध्ये अडकून राहू शकतात. म्हणून डॉकची वीज दोन्ही टोकांनी काढायची, भिंतीकडूनही आणि डॉककडूनही, आणि अर्धा मिनिट थांबायचं. कन्सोल बाहेर काढून त्याचं पॉवरचं बटण निदान 12 सेकंद दाबून धरायचं, तो पूर्ण बंद होतो, मग पुन्हा चालू करायचा. त्यानंतर आधी डॉकला वीज, मग एचडीएमआय, टीव्ही चालू करून इनपुट निवडायचा, आणि सगळ्यात शेवटी कन्सोल आत. हा क्रम मी श्रद्धेने पाळतो. कितीदा तो खरंच लागतो देवजाणे, पण एक मिनिट खर्चून नंतरचा अर्धा तास वाचतो.

दिवा हिरवा झाला. टीव्हीवर चित्र आलं. मुलांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं. ताईने चहा टाकला. मी पुढे काही शोधलं नसतं तर प्रकरण इथेच बंद झालं असतं आणि आठवड्याने मला पुन्हा भांडुपला जावं लागलं असतं.

झालं असं, की दाजींनी बघितलं, चार्जरला दुसरी खाच मोकळी आहे. त्यांनी आपला फोन तिथे लावला. त्याच क्षणी टीव्ही काळा. भाची माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच काही केलं. चार-पाच सेकंदांनी चित्र परत आलं. फोन काढला, पुन्हा काळा, पुन्हा परत.

हा जादूटोणा नाही. दोन खाचांच्या चार्जरमध्ये 65 वॅट दोघांत वाटायचे असतात. दुसऱ्या खाचेत काही आलं की चार्जर दोन्ही खाचांची वीज क्षणभर तोडतो, नवी वाटणी ठरवतो, आणि प्रत्येकाला नवं मेनूकार्ड दाखवतो. माझ्या चार्जरची वाटणी 45 आणि 20 अशी आहे. 45 च्या बाजूला 15 व्होल्ट 3 अँपिअरची ओळ टिकते, म्हणून चित्र थोड्या वेळाने परत आलं. पण डॉकची केबल 20 च्या खाचेत असती तर ते आलंच नसतं. काही चार्जर 30 आणि 30 अशी वाटणी करतात. तिथे तर कुठलीही खाच निवडा, पंधराची ओळ 2 अँपिअरवर घसरते आणि टीव्ही जातो. लोकांची जी "कधी चालतं, कधी नाही" अशी विचित्र तक्रार असते, तिच्यातला मोठा वाटा हाच. रात्री जेवण झालं की चित्र जातं म्हणे. रात्री जेवण झालं की घरातला कुणीतरी फोन चार्जिंगला लावतो.

म्हणून डॉकसाठी एकच खाच असलेला चार्जर घ्यावा असं माझं ठाम मत आहे. दोन-तीन खाचांचे चार्जर प्रवासात फार सोयीचे असतात, टीव्हीमागे ते डोकेदुखी असतात.

आता त्या "तरी नाही"कडे येतो. चहा पिताना मी ताईला विचारलं, मूळ अडॅप्टर कुठे गेला? तो चालत नव्हता म्हणून तर फोनचा चार्जर लावला, ती म्हणाली, आणि माळ्यावरच्या पिशवीतून तो काढून आणला. सोबत त्याला लावलेला कन्व्हर्टर पिनही होता, तो चौकोनी पांढरा, सगळ्या देशांच्या पिना घेतो म्हणवणारा. हलवला तर आतून खुळखुळ आवाज. चपट्या पिना घुसवून बघितल्या तर त्या सैल, आपल्याच वजनाने बाहेर यायला बघत होत्या. आणि एका पिनेच्या मुळाशी प्लास्टिक तपकिरी झालेलं. तिथे ठिणग्या पडत असणार.

"आधी कसं व्हायचं गं?" मी भाचीला विचारलं.

"आधी यायचं, पण मधेच जायचं. टीव्हीखालचा ड्रॉवर जोरात लावला की."

झालं. अडॅप्टर कधीच बिघडला नव्हता. कन्व्हर्टर सैल झाला होता. अडॅप्टर वजनदार असतो, सैल कन्व्हर्टरमधून लोंबकळतो, ड्रॉवर आपटला की संपर्क क्षणभर तुटतो. क्षणभर वीज गेली की बोलणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणून टीव्ही काही सेकंद काळा. शेवटी संपर्क इतका खराब झाला की काहीच येईना. दाजींनी दोष अडॅप्टरवर ठेवला आणि फोनचा चार्जर लावला, तो वेगळ्याच कारणासाठी चालेना. "नवीन चार्जर लावला तरी नाही" म्हणजे चार्जर निर्दोष आहे असं सगळ्यांनी धरलं आणि संशय टीव्हीकडे गेला. एका दोषावर दुसरा दोष बसला की असंच होतं.

तपकिरी झालेला कन्व्हर्टर कचऱ्यात टाकला, तो पुन्हा वापरायचाच नाही, आग लागायला तेवढं पुरतं. शेजारी एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड होता, ज्याच्या खाचा चपट्या आणि गोल दोन्ही पिना घट्ट धरतात. मूळ अडॅप्टर थेट त्यात लावला. 15 व्होल्ट, हिरवा दिवा, चित्र. ड्रॉवर मुद्दाम चार वेळा आपटून बघितला. काही झालं नाही.

यावरून एक गैरसमज दूर करतो. अमेरिकेचा किंवा जपानचा अडॅप्टर आहे म्हणून त्यासाठी 230 चे 110 करणारा जड ट्रान्सफॉर्मर लागत नाही. अडॅप्टरवर इनपुटची ओळ वाचा, 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ लिहिलेलं असतं. मुंबईच्या 230 व्होल्टला तो सरळ चालतो, फक्त पिन बसायला हवी. ट्रान्सफॉर्मर घेतलेले दोघे मला माहीत आहेत. एकाने तो आता दाराला टेकवायला ठेवलाय.

मूळ अडॅप्टर हरवला असेल किंवा जुना कन्सोल घेताना मिळालाच नसेल, तर काय बघून घ्यायचं? खोक्यावरचा वॅटचा मोठा आकडा नाही, तर ती एक ओळ. 15 व्होल्ट, 3 अँपिअर. पीडीच्या नियमांप्रमाणे 45 वॅटच्या चार्जरमध्ये ती असते, 15 गुणिले 3 म्हणजेच 45. त्यावरच्या, म्हणजे 65 वॅटच्या चार्जरमध्येही ती असायला हवी, पण लॅपटॉपसोबत आलेल्या काही जुन्या चार्जरमध्ये 9 वरून थेट 20 वर उडी असते, पंधरा नसतातच. 20 व्होल्ट 3 अँपिअर म्हणजे 60 वॅट, भरपूर वाटतात, पण डॉकला पंधराच हवेत, तो वीसची ओळ उचलत नाही. आणि ओळीच्या खाली पीपीएस असं लिहून "3.3 ते 16 व्होल्ट" असा पट्टा दिला असेल तर त्यात पंधरा येतात म्हणून खूश होऊ नका. तो पट्टा फोनसाठी असतो. डॉकला वेगळी, ठरलेली पंधराची ओळ लागते.

केबल दोन्ही टोकांना टाइप-सी असलेलीच हवी. एका टोकाला जुनं रुंद तोंड असलेली केबल कितीही महाग असो, तिच्यावरून पीडीचं बोलणं होत नाही. शिवाय फार लांब आणि बारीक केबल नको. मूळ अडॅप्टरची केबल त्यालाच कायमची जोडलेली असते, ती साधारण दीड मीटरची. तेवढी लांबी पुरते.

मूळ अडॅप्टरसारखेच दिसणारे, त्याच आकाराचे आणि तशीच अक्षरं छापलेले स्वस्त अडॅप्टर बाजारात सर्रास मिळतात. त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यावर 15 व्होल्ट 2.6 अँपिअर छापलेलं असतं, बोलणीही जमतात, टीव्हीवर मेनू सुरळीत दिसतो. गेम सुरू झाला, बॅटरीही अर्धी रिकामी असली, की पडदा काळा. कबूल केलेली वीज त्यांना प्रत्यक्षात देता येत नाही. भार पडला की व्होल्टेज खाली बसतं आणि डॉक माघार घेतो. ओळखायची खूण अशी की बॅटरी पूर्ण भरलेली असताना चालतं आणि रिकामी असताना जातं. टेस्टर असेल तर गेम सुरू होताना आकड्याकडे लक्ष ठेवा, 15 च्या आसपास स्थिर राहायला हवा. खाली खाली घसरत जाऊन एकदम 5 वर पडला तर तो अडॅप्टर परत करा.

परत करा असं मी जरा जोर देऊन म्हणतो, कारण इथे टीव्हीपेक्षा महाग गोष्ट पणाला असते. कन्सोलच्या आत विजेची ही बोलणी सांभाळणारी एक छोटी चिप असते, दुरुस्तीवाले तिला तिच्या नंबरने, एम92टी36 म्हणून ओळखतात. टाइप-सीच्या तोंडातून नको ते व्होल्टेज नको त्या तारेवर आलं की बहुधा पहिला बळी तिचा. 2018 मध्ये कन्सोलचं 5.0 अपडेट आल्यावर बाहेरच्या कंपन्यांच्या काही डॉकमुळे कन्सोल कायमचे बंद पडल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या होत्या. तेव्हापासून मी चार्जरच्या बाबतीत उदार आहे, कुठल्याही चांगल्या कंपनीचा पंधराची ओळ असलेला चालतो म्हणतो, पण डॉकच्या बाबतीत मूळ सोडून दुसरा घेऊ देत नाही.

स्विच 2 घेतलेल्यांसाठी. त्याचा अडॅप्टर मोठा आहे, 60 वॅटचा, म्हणजे 20 व्होल्ट 3 अँपिअर. आधीच्या कन्सोलचा 39 वॅटचा अडॅप्टर त्याच्या डॉकला लावून टीव्हीवर खेळता येत नाही, दिसायला तोंड तेच असलं तरी. एकाच घरात दोन्ही असतील तर अडॅप्टरची अदलाबदल हेच चित्र न येण्याचं पहिलं कारण समजा. शिवाय तो टीव्हीला 4के पर्यंत चित्र पाठवतो, म्हणून त्याच्यासोबत आलेली एचडीएमआय केबलच वापरा, जुन्या कन्सोलची नको.

उरलं ते थोडकं. वीज ठीक आहे, हिरवा दिवा स्थिर आहे, तरी टीव्ही रिकामा, असं क्वचित होतं. कन्सोल बाहेर काढून त्याच्याच पडद्यावर System Settings, मग TV Settings, मग TV Resolution असं जा आणि Automatic ऐवजी 720p निवडून बघा. जुन्या टीव्हीवर त्याने काम होतं. चित्र आलं की 1080p करून बघायला हरकत नाही.

आणि 15 व्होल्ट स्थिर आहेत, केबल सेट-टॉप बॉक्सची आहे, मूळ अडॅप्टर आहे, तरीही दिवा लागत नसेल, तर कन्सोल दुसऱ्या कुणाच्या डॉकमध्ये ठेवून बघा. तिथे चाललं तर तुमचा डॉक. तिथेही नाही, तर कन्सोलचं खालचं टाइप-सी तोंड टॉर्च मारून बघा. डॉकमध्ये तिरका सरकवून सरकवून आतली जीभ वाकलेली असते, किंवा खिशातली धूळ घट्ट बसलेली असते. टाचणीने उकरू नका. वाकलेली जीभ असेल तर ते तोंड बदलायचं काम आहे, आणि ते बारीक झाळकामाचं आहे. दुकानात देताना "चार्ज होतं पण टीव्हीला येत नाही, मूळ अडॅप्टरने तपासलंय" एवढं वाक्य सांगा, म्हणजे तो तुम्हाला पुन्हा केबल बदलायला सांगणार नाही.